कॉलचा आवाज नेमका जातो कुठे?

कानात ब्लूटूथ इअरफोन आहेत, गाणं छान वाजतंय, तेवढ्यात फोन येतो. गाणं थांबतं, आपण कॉल उचलतो, ‘हॅलो’ म्हणतो आणि कानात शांतता. समोरचा माणूस बोलतोय, पण त्याचा आवाज फोनच्या वरच्या छोट्या स्पीकरमधून येतोय, किंवा खालच्या मोठ्या स्पीकरमधून सगळ्या खोलीला ऐकू जातोय, किंवा कुठूनच येत नाहीये. अशा वेळी बहुतेक जण इअरफोन बिघडले असं समजून नवे घेतात. नव्यांतही तेच होतं, कारण दोष इअरफोनमध्ये नसतोच. कॉलचा आवाज कुठे पाठवायचा हे फोन ठरवतो, आणि त्याची निवड चुकलेली असते. ती का चुकते हे कळलं, तर दुरुस्ती घरच्या घरी होते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मुळात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ब्लूटूथवरून गाणं आणि कॉल हे एकाच वाटेने जात नाहीत. गाण्याची वाट एकतर्फी असते. फोनकडून कानाकडे, डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळा आणि चांगल्या दर्जाचा आवाज. तिला ए-टू-डी-पी म्हणतात. कॉलची वाट दुहेरी असते, कारण तुमचा आवाजही माइकमधून परत फोनकडे यायचा असतो. तिचं नाव एच-एफ-पी. या दुहेरी वाटेवर आवाजाचा दर्जा कमी ठेवावा लागतो. गाण्यात सेकंदाला साधारण 44 हजार नमुने घेतले जातात, तर कॉलमध्ये बहुधा 8 किंवा 16 हजार. म्हणून भारी इअरफोनवरही कॉल थोडा सपाट वाटतो. तो बिघाड नाही, त्याच्यामागे लागू नका. पण या दोन वाटा स्वतंत्र असल्यामुळेच एक चालू आणि दुसरी बंद असं होऊ शकतं. ‘गाणं ऐकू येतं म्हणजे इअरफोन नीट जोडलेत’ हा आपला समज तिथेच फसतो.

पहिली तपासणी कॉल चालू असतानाच करायची. एरवी ज्या बटणावर Speaker लिहिलेलं असतं, ते ब्लूटूथ उपकरण जोडलेलं असलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवरही वेगळं वागतं. ते दाबलं की आवाजाच्या जागांची यादी उघडते. फोन, स्पीकर आणि जोडलेल्या उपकरणांची नावं. घाईत आपण ती यादी न वाचताच बंद करतो, खरं तर सगळं निदान तिथेच असतं. तुमच्या इअरफोनचं नाव यादीत आहे का, आणि खूण कशावर आहे, एवढंच पाहायचं.

नाव यादीतच नसेल, तर कॉलची वाट बंद आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन इअरफोनच्या नावाशेजारचं चाकाचं चिन्ह दाबा. तिथे Media audio आणि Calls अशी दोन बटणं दिसतील. काही फोनांवर दुसऱ्याला Phone calls म्हटलेलं असतं. Calls बंद असेल तर चालू करा. त्याच पानावर बहुधा संपर्क आणि कॉलची नोंद पाहू देण्याचं तिसरं बटण असतं. इअरफोन जोडताना आपण ‘नको’ म्हटलं ते बहुधा हेच असतं, आणि त्यामुळेच कॉल येत नसावेत असं पुष्कळांना वाटतं. त्याचा आवाजाशी संबंध नाही. ते बंदच राहू द्या. Calls नावाचं बटणच त्या पानावर दिसत नसेल, तर ते उपकरण फक्त गाण्यांसाठी बनवलेलं आहे. माइक नसलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर हे हमखास दिसतं, आणि त्याला इलाज नाही.

नाव यादीत आहे, पण खूण दुसऱ्याच कशावर आहे, हा प्रकार जास्त चकवणारा. आपल्याकडे त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे मनगटावरचं कॉलिंगवालं घड्याळ. आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण सांगतो. मुलाने त्यांना इअरबड्स दिले, पुढे वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. काही दिवसांनी काकांची तक्रार सुरू झाली, की कधी कॉल कानात येतो, कधी येत नाही. भजनं मात्र रोज नीट वाजतात. ‘कधी येतो, कधी येत नाही’ हे शब्द महत्त्वाचे होते. बटण बंद असतं तर कॉल कधीच आला नसता.

त्यांना फोन लावला आणि कॉल चालू असताना यादी उघडून पाहिली, तर खूण घड्याळाच्या नावावर. घड्याळ आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेलं होतं आणि माझा आवाज तिथल्या टेबलावर वाजत होता. अशी घड्याळं फोनशी दोनदा जोडलेली असतात. एक जोडणी कमी वीज खाणारी, तिच्यावरून पावलं, नाडीचे ठोके आणि सूचना जातात. दुसरी जोडणी फक्त कॉलच्या आवाजासाठी. फोनच्या लेखी ही दुसरी जोडणी म्हणजे आणखी एक हेडसेटच. एका वेळी कॉलचा आवाज एकाच हेडसेटला मिळतो, आणि बहुतेक अँड्रॉइड फोन जो शेवटी जोडला गेला त्याला पुढे करतात. काका फोन घेऊन गच्चीवर गेले की घड्याळ टप्प्याबाहेर जायचं, कारण भिंती मध्ये आल्या की ब्लूटूथ दहा मीटरही पोचत नाही. ते खाली आले की घड्याळ आपोआप पुन्हा जोडलं जायचं आणि शेवटचा आलेला म्हणून कॉल त्याच्याकडे जायचा. ज्या दिवशी बड्स नंतर कानात घातले, त्या दिवशी कॉल कानात.

उपाय दोन ठिकाणी करावा लागला. ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या कॉलच्या जोडणीवर जाऊन Calls बंद केलं. शिवाय घड्याळाच्या पडद्यावर ब्लूटूथ कॉलिंगचं वेगळं बटण होतं, तेही बंद केलं, नाहीतर ते पुन्हा जोडून घ्यायचा प्रयत्न करत राहतं. पावलं, सूचना आणि कोणाचा फोन आहे ते नाव, हे सगळं घड्याळावर पूर्वीसारखंच दिसत राहिलं. ही दुसरी जोडणी कशासाठी आहे हे घड्याळ पहिल्यांदा चालू करतानाच स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. घरातल्या ज्येष्ठांना घड्याळ देणाऱ्यांनी निदान एवढं दाखवून द्यावं.

घड्याळ नसेल तर त्याच जागी गाडीची म्युझिक सिस्टीम किंवा ब्लूटूथवाल्या स्कूटरचा डिस्प्ले असू शकतो. कित्येकदा तर स्वतःचे इअरबड्सच हा घोळ करतात. डबीतल्या आणि बडवरच्या चार्जिंगच्या पिनांवर मळ किंवा घाम साचला, की डबीत ठेवूनही बडला वाटतं आपण बाहेर आहोत. मग तो पिशवीतूनच फोनशी जोडला जातो आणि आपला कॉल पिशवीत बोलतो. डबी बंद करून मिनिटभर थांबा. फोनच्या यादीत बड अजून जोडलेला दिसत असेल, तर हेच कारण. पिना कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या.

खूण बरोबर इअरफोनवर आहे आणि तरी आवाज नाही, असं झालं तर आधी आवाजाची पट्टी पाहा. कॉलची पट्टी गाण्याच्या पट्टीपेक्षा वेगळी असते आणि ती कॉल चालू असतानाच बटणांनी वाढते. ती ठीक असेल, तर इअरफोन एकाच वेळी लॅपटॉपलाही जोडलेले आहेत का ते तपासा. लॅपटॉपवरच्या मीटिंगने त्यांचा माइक धरून ठेवलेला असला, तर फोनच्या कॉलला जागा मिळत नाही. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा कॉल लावला की लगेच कळतं.

साधा कॉल कानात येतो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा येत नाही, असं असेल तर शोध तिथेच थांबवा आणि अ‍ॅपकडे वळा. अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथ उपकरणांशी बोलायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत Nearby devices नाकारलेलं असेल, तर ते अ‍ॅप तुमच्या इअरफोनपर्यंत पोचू शकत नाही. परवानगी द्या आणि कॉल पुन्हा लावा. याच्या उलटही घडतं. कॉल संपतो, पण अ‍ॅप फोनला कॉलच्या अवस्थेतून सोडत नाही. ओळखायचं कसं? कॉल चालू नसताना आवाजाचं बटण दाबा. गाण्याच्या पट्टीऐवजी कॉलची पट्टी दिसली, किंवा व्हिडिओचा आवाज वरच्या कानाच्या स्पीकरमधून यायला लागला, तर अवस्था अडकली आहे. शेवटी कॉल केलेलं अ‍ॅप Force stop करा किंवा फोन बंद करून चालू करा.

आयफोनवर वाट ठरवायची एक जागा खोलवर दडलेली आहे. Settings मध्ये Accessibility, त्यात Touch, आणि त्यात Call Audio Routing. तिथे Automatic असेल तर निर्णय फोनचा. Speaker निवडलेलं असेल तर प्रत्येक कॉल चारचौघांत मोठ्याने वाजेल. रोज इअरफोनवरच बोलणाऱ्याने Bluetooth Headset निवडावं.

एवढं करूनही जमलं नाही, तर ते उपकरण फोनच्या यादीतून काढून टाका, म्हणजे Forget करा, आणि नव्याने जोडा. नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याचा सल्ला दुकानात पटकन मिळतो, पण तो शेवटी ठेवा. त्यात घरच्या वाय-फायचे पासवर्ड आणि सगळी ब्लूटूथ उपकरणं पुसली जातात, आणि काकांसारख्या प्रकरणात पुन्हा जोडताना घड्याळ Calls चालू करूनच परत येतं.

राहिला फोन कानाला लावून बोलण्याचा प्रश्न. ब्लूटूथ पूर्ण बंद करूनही कॉल कानाच्या स्पीकरमध्ये येत नसेल, तर वरच्या पट्टीत हेडफोनचं छोटं चिन्ह आहे का पाहा. वायर नसताना ते दिसत असेल, तर जॅकमध्ये किंवा चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओल अथवा कापसाचे धागे आहेत आणि फोनला वाटतंय की वायरचा हेडफोन लावलाय. पोर्ट खाली करून फोन कोरडा होऊ द्या, मग मऊ ब्रशने धागे काढा. टाचणी घालू नका. चिन्ह नाही आणि मोठ्या स्पीकरवर कॉल स्वच्छ ऐकू येतो, पण कानाला लावल्यावर पुटपुटल्यासारखा येतो, तर वाट बरोबर आहे. वरच्या बारीक जाळीत धूळ बसली आहे, किंवा स्क्रीनगार्डची कड त्या जाळीवर आली आहे. कड सरकवून आणि कोरड्या ब्रशने जाळी साफ करून फरक पडला नाही, तर तो छोटा स्पीकरच गेलेला असतो, आणि तेव्हा मात्र दुरुस्तीच्या दुकानात जायला हवं.