पायांवरची सूज आणि दंडावरचा पट्टा

आठवा महिना लागला की संध्याकाळी जोडवी रुतू लागतात, चपलेच्या पट्ट्यांचे वळ पावलांवर उमटतात आणि घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा पडतो. घरात लगेच दोन पक्ष होतात. सासूबाई म्हणतात, "एवढं होतंच." शेजारीण म्हणते, "मीठ बंद कर, पाणी कमी पी." सासूबाईंचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं. शेजारणीचा सल्ला मात्र सोडून द्यावा. मीठ-पाणी तोडल्याने ना ही सूज धडपणे उतरते, ना पुढचा धोका टळतो.

गरोदरपणाच्या अखेरीस बाईच्या शरीरात एरवीपेक्षा 6 ते 8 लिटर पाणी जास्त असतं. रक्तही वाढलेलं असतं, पण पातळ झालेलं. पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवणारी प्रथिनं त्यात विरळ होतात. शिवाय वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देतं, त्यामुळे पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त रेंगाळतं आणि पाणी पावलांत झिरपतं. म्हणूनच ही सूज दोन्ही पायांना येते, दिवसभर उभं राहिल्यावर वाढते आणि रात्री झोपून उठल्यावर बरीच उतरते. डाव्या कुशीवर झोपणं, बसताना पाय लोंबकळत न ठेवता वर घेणं आणि थोडं चालणं, यांनी आराम पडतो. औषधाची गरज नसते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नयेत.

घोळ इथेच होतो. गरोदरपणातल्या ज्या आजाराची सर्वांत जास्त धास्ती बाळगावी, त्या प्री-एक्लॅम्पसियातही सूज असते. एकेकाळी त्याच्या निदानात सूज मोजली जायची. पण ती निरोगी बायकांनाही इतकी सर्रास येते, आणि काही आजारी बायकांना अजिबात येत नाही, की डॉक्टरांनी ती निदानाच्या व्याख्येतून काढून टाकली. आता आधी पाहतात तो रक्तदाब.

समजा, 34 आठवड्यांच्या दोघी एकाच दिवशी तपासणीला आल्या. दोघींचे पाय सारखेच सुजलेले. पहिलीचा रक्तदाब 116/74, लघवीत प्रथिनं नाहीत. ती पुढच्या तपासणीची तारीख घेऊन घरी जाते. दुसरीला मागच्या महिन्यात 110/70 होता, आज 146/94 भरला. चार तासांनी पुन्हा मोजला, तर 144/92. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं स्पष्ट दिसतात. विचारल्यावर ती सांगते, पाय महिनाभर सुजतच होते, पण या आठवड्यात सकाळी चेहरा सुजतो, अंगठी निघत नाही आणि डोकं दुखतं. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब दोनदा 140/90 किंवा त्याहून वर भरणं आणि सोबत लघवीत प्रथिनं, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया. पायांवरून हे कुणालाच कळलं नसतं.

तिला दाखल करून रक्तातल्या प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंड तपासतात, बाळाची वाढ पाहतात, रक्तदाब उतरवणारं औषध देतात. आजाराचं मूळ वारेत असल्याने तो खऱ्या अर्थाने संपतो बाळंतपणानंतरच. म्हणून डॉक्टर दिवस मोजत असतात: प्रकृती स्थिर राहिली तर साधारण 37 आठवड्यांपर्यंत थांबायचं, बिघडली तर आधीच मोकळं करायचं. रक्तदाब 160/110 वर गेला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंवा छातीखाली, उजव्या बरगडीच्या बाजूला दुखू लागलं, तर झटके येण्याची भीती असते. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे स्वस्त औषध झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी करतं, हे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर बायकांच्या मॅग्पाय चाचणीत दिसलं.

आणखी एक सूज वेगळी ओळखावी. एकच पाय, बहुधा डावा, सुजला. पोटरी दुखते, गरम लागते. ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. असा पाय तेल लावून चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत अचानक धाप लागली, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. मग एक तासही थांबू नये.

बाळंतपण झालं की सगळे बाळाकडे वळतात. पहिले काही दिवस पाय उलट जास्तच सुजू शकतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात. पण रक्तदाब अनेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यानच सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका बाई घरी आलेली असताना. प्री-एक्लॅम्पसिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत, आधी कधीच रक्तदाब वाढला नव्हता अशा बाईलाही होऊ शकतो. त्यामुळे माहेरी विश्रांती घेणाऱ्या बाळंतिणीचं डोकं सतत दुखत असेल, तर जागरणाला दोष देऊन गोळी देण्याआधी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा.