बारा फोटो आणि रेंजची एक काडी

माझ्या मामेभावाने सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. एका संकेतस्थळावर घराची माहिती भरली, पण फोटो काही चढेनात. रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात, तीही एक काडी. निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला येई, तिथेच अडके आणि पुन्हा शून्यापासून सुरू होई. त्याने सगळा दोष टॉवरला दिला. टॉवर कमकुवत होताच, पण त्याच्यावर लादलेलं ओझंही नको इतकं होतं.

हिशोब साधा आहे. त्याच्या फोनचा एक फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा. एकेका फाइलचं वजन ४ एमबीच्या आसपास. फाइल मोजतात बाइटमध्ये आणि नेटचा वेग सांगतात बिटमध्ये. एका बाइटचे ८ बिट होतात, म्हणून ४ एमबीच्या फोटोला सुमारे ३२ मेगाबिट पाठवावे लागतात. सेकंदाला अर्धा मेगाबिट जात असेल, तर एका फोटोला ६४ सेकंद लागतात आणि बारा फोटोंना जवळजवळ तेरा मिनिटं. व्हिडिओ बरा चालतो म्हणून फोटोही जाईल असं धरून चालू नये. टॉवरच्या मानाने फोनचा आवाज क्षीण असतो, त्यामुळे येणाऱ्यापेक्षा जाणारा वेग बहुधा कमीच असतो. शिवाय अनेक ठिकाणी फाइल अखंडच पोहोचावी लागते. मध्ये रेंज गेली की आधीची मेहनत वाया.

ओझं उतरवायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी मापं कमी करायची, मग दाबायचं. फोटो १६०० बाय १२०० केला, तर ठिपके १९ लाख २० हजार उरतात, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. फोनच्या पडद्याची रुंदी बहुतेकदा हजार-दीड हजार पिक्सेलच असते, म्हणून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही.

दाबणं हे दुसरं काम. जेपीईजी पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे टाकून देते. किती टाकायचे ते Quality हा आकडा ठरवतो. ७५ ते ८० वर फोटो छान राहतो. ४०-५० पर्यंत उतरलात, तर निळ्या आभाळात चौकटी दिसू लागतात आणि पाटीवरच्या अक्षरांभोवती धुरकट कडा येते. म्हणून तपासताना फोटो मोठा करून अक्षरंच पाहावीत. मामेभावाच्या यादीत जेवणाच्या दरफलकाचा फोटो होता. तो आम्ही आधी कातरला, भोवतीची भिंत काढून टाकली, आणि मगच लहान केला. त्यामुळे अक्षरं शाबूत राहिली.

हे काम करायचं कुठे, यात मात्र खरी मेख आहे. फोटो लहान करून देणारी बरीच संकेतस्थळं आधी तुमचा मूळ, अख्खा फोटो आपल्याकडे मागवतात. म्हणजे जे ओझं वाचवायचं, तेच आधी वाहून न्यायचं! काम फोनमध्येच व्हायला हवं. काही फोनच्या गॅलरीतच ही सोय असते. नाहीतर squoosh.app हे पान फोटो कुठेही न पाठवता ब्राउझरमध्येच लहान करतं. तिथे Resize सुरू करून Width मध्ये १६०० लिहायचं (उभ्या फोटोला १२००), खाली MozJPEG निवडायचं आणि Quality ७५-८० ठेवायची. नवं वजन तिथेच दिसतं. एका वेळी एकच फोटो होतो, एवढी गैरसोय.

आमचे फोटो सरासरी ४०० केबीवर आले. म्हणजे एकाला साडेसहा सेकंद आणि बाराला सव्वा मिनिटाच्या आसपास. सगळे फोटो झिप करून पाठवावेत असं शेजाऱ्याने सुचवलं होतं, पण जेपीईजी आधीच दाबलेली असते. झिपने तिचं वजन नावापुरतंच घटतं.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. मूळ फोटो जपून ठेवून लहान प्रत वेगळी करावी, कारण टाकलेले बारकावे परत येत नाहीत आणि लहान प्रत पुन्हा पुन्हा दाबली तर आणखी झिजते. दुसरं असं, की लहान करताना फोटोत दडलेली तारीख आणि ठिकाणाची नोंद अनेकदा पुसली जाते. घराच्या जाहिरातीत ते चालतं. नुकसानीचा पुरावा म्हणून फोटो द्यायचा असेल, तर चालणार नाही. तिथे मूळ फाइलच द्यावी, मग त्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात तासभर बसावं लागलं तरी.