जुना व्हिडिओ, नवे शीर्षक

पडून राहिलेल्या व्हिडिओचे शीर्षक बदलण्याआधी यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे पाहावेत: इम्प्रेशन्स, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसले, आणि त्यातून क्लिक किती टक्के झाले. निम्म्या व्हिडिओंचे हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांत असते, असे यूट्यूबच सांगते. समजा, ‘पुरणपोळी भाग 3’ला क्लिक बरे मिळतात, पण तो दिसतोच कमी. स्टुडिओतल्या शोधशब्दांच्या यादीत ‘पुरणपोळी फुटते’ असे सापडले आणि व्हिडिओत खरोखरच त्यावर उपाय असेल, तर शीर्षक ‘पुरणपोळी लाटताना का फुटते?’ असे करावे. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत तेच उत्तर थोडक्यात द्यावे. टॅगवर वेळ घालवू नये. त्यांचा उपयोग puranpoli, puran poli अशा स्पेलिंगच्या घोळापुरताच.

नुसत्या बदलाने यूट्यूब व्हिडिओ पुन्हा पुढे आणते, हा समज चुकीचा आहे. नव्या शीर्षकाला प्रेक्षक कसा प्रतिसाद देतात, त्यावर सारे ठरते. होळीला पुरणपोळीचे आकडे शीर्षक न बदलताही आपोआप चढतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या होळीशी करावी. पहिल्या अर्ध्या मिनिटातच प्रेक्षक निघून जात असतील, तर शीर्षक नव्हे, व्हिडिओच नव्याने करावा.