माइक हातात घेताना : आधी फळ, मग मान्यवर

गेल्या आठवड्यात आपण सत्काराची यादी कशी आवरायची ते पाहिलं. या आठवड्यातला कार्यक्रम वेगळा आहे. पुस्तक प्रकाशन नाही, वाढदिवस नाही, स्नेहसंमेलनही नाही. एक वस्तू बाजारात येते आहे, आणि तिच्या लोकार्पणाचं निवेदन आपल्याला करायचं आहे.

आपल्याकडे अशा कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो. मान्यवरांचं आगमन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल, श्रीफळ आणि बुके. एकेकाचा परिचय वाचायचा, त्यात पदं, पदव्या आणि पुरस्कार. तेवढ्यात पाऊण तास जातो. वस्तू तोवर व्यासपीठाच्या कोपऱ्यात मखमली कापडाखाली झाकून ठेवलेली असते. ती कशाची आहे हे समोरच्या निम्म्या माणसांना माहीतच नसतं, कारण त्यांना "कार्यक्रम आहे, या" एवढाच निरोप मिळालेला असतो. मग टाळ्या कशाला वाजवायच्या ते कळत नाही. त्या वाजतात, पण उशिरा आणि एका कोपऱ्यातून.

माझं म्हणणं असं की लोकार्पणात निवेदकाने पहिल्या दीड-दोन मिनिटांत एकही नाव घेऊ नये. ही वस्तू कोणत्या अडचणीसाठी बनली, एवढंच सांगावं. नावं त्यानंतर. नावाला वजन येतं ते त्या माणसाने काय सोडवलं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असल्यावर.

याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण पुण्यात घडलेल्या गाडीचं आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटा नॅनो पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिच्यामागे पुण्यातला अभियंत्यांचा गट होता आणि त्याचे प्रमुख होते गिरीश वाघ. रतन टाटांनी मात्र त्या गाडीचं कारण सांगितलं ते स्कूटरवरच्या कुटुंबापासून. वडील चालवताहेत, पुढे लहान मूल उभं आहे, मागे आई बसली आहे आणि तिच्या मांडीवर तान्हं बाळ. हे दृश्य पाहूनच या कुटुंबाला सुरक्षित आणि परवडणारं वाहन देता येईल का, हा विचार सुरू झाल्याचं त्यांनी सांगितलं. ते चित्र भारतातल्या कुठल्याही रस्त्यावरचं होतं, त्यामुळे गाडी का बनवली हे वेगळं समजावावं लागलं नाही.

आता याच उदाहरणाची दुसरी बाजू. कारण सुरक्षिततेचं होतं, पण लोकांच्या तोंडी राहिली ती किंमत. वर्तमानपत्रांनी 'लाखाची गाडी' म्हटलं आणि नॅनो कायमची 'सर्वांत स्वस्त' ठरली. स्वस्तातली गाडी दारात उभी करणं अनेकांना नकोसं वाटलं. पुढे खुद्द टाटांनीही ती सर्वांत स्वस्त म्हणून विकण्यात चूक झाल्याचं कबूल केलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन जवळजवळ थांबलं होतं. गाडी न चालण्याला इतर कारणंही होती, हे खरं. निवेदकाने मात्र यातून एवढं घ्यावं की सुरुवातीला किंमत सांगायची नाही. एकदा आकडा कानावर पडला की ऐकणारा पुढचं सगळं त्या आकड्याने मोजतो.

आता आपल्या बीड जिल्ह्यात येऊ. बालाघाटच्या डोंगररांगांतलं सीताफळ इथली ओळख आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. समजा, धारूर-केज पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने गोठवलेला सीताफळ गर बाजारात आणला आहे आणि लोकार्पण तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात आहे. कंपनी काल्पनिक आहे, पण हा माल खरा आहे.

निवेदकाने आधी अडचण नीट समजून घ्यावी, आणि त्यासाठी कंपनीच्या पत्रकावर विसंबू नये. सीताफळाचा हंगाम सप्टेंबरपासून साधारण नोव्हेंबरपर्यंत. फळाचे डोळे उघडले की ते उतरवायचं, आणि पिकलेलं फळ नेहमीच्या तापमानात जेमतेम दोन-चार दिवस टिकतं. म्हणजे बाजारात नेलेला माल परत आणण्याची सोय नाही. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं आणि शेतकऱ्यालाही, म्हणून संध्याकाळ झाली की भाव खाली येतो. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो. सीताफळाचं तसं जमत नाही. गर हवेत राहिला की तपकिरी पडतो आणि तापवला की कडवट होतो. त्यामुळे बिया काढून तो लवकर गोठवणं आणि उणे १८ अंश किंवा त्याखाली ठेवणं, हाच मुख्य मार्ग उरतो.

एवढं कळलं की पुढचा प्रश्न : समोर कोण बसणार? याच गराची दोन कारणं आहेत. शेतकऱ्यासाठी तो संध्याकाळच्या पडत्या भावावरचा उपाय आहे. आइस्क्रीमवाल्यासाठी आणि सीताफळ रबडी करणाऱ्या मिठाईवाल्यासाठी मात्र तो हंगाम संपल्यावरचा माल आहे. दोन्ही कारणं एकदम सांगितली की कुणालाच आपलं वाटत नाही. गावातला कार्यक्रम असेल तर मी शेतकऱ्याचं घेईन. पुण्यात खरेदीदारांसमोर असेल तर मिठाईवाल्याचं.

शेतकऱ्यांसमोरची सुरुवात मी साधारण अशी लिहीन :

"व्यासपीठावरच्या सर्व मान्यवरांना आणि समोर बसलेल्या माझ्या शेतकरी मायबापांना नमस्कार. सकाळी बाजारात आपण ज्या फळाचा भाव सांगतो, संध्याकाळी त्याच फळाचा भाव दुसराच माणूस सांगतो. आपण गप्प बसतो, कारण फळ थांबत नाही. उद्या ते मऊ पडणार, परवा फेकावं लागणार. आंबा डब्यात घालता येतो. सीताफळ तापवलं की कडू होतं, उघडं ठेवलं की काळं पडतं. म्हणून इतकी वर्षं डोंगरातला गोडवा डोंगराखालीच स्वस्तात गेला. ज्या दिवशी भाव नाही, त्या दिवशी फळ विकावंच लागू नये, एवढ्यासाठी आज ही वस्तू आपल्यासमोर येते आहे. ती ज्यांनी केली, त्यांची आता ओळख करून घेऊ."

हे सावकाश बोललं तरी मिनिटभरात होतं. यात कंपनीचं नाव नाही, आकडा नाही आणि शेरही नाही. (शेर म्हणायचाच असेल तर अनावरणानंतर म्हणा. आपल्याकडे निवेदकाला चारोळीशिवाय माइक हातात धरवत नाही, हे मला ठाऊक आहे.)

मजकूर जमला की नाही हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. वस्तूचं नाव झाकून तो घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा आणि विचारा, कशाबद्दल आहे? "सीताफळाचं काहीतरी" असं उत्तर आलं तर मजकूर चालेल. "शेतकऱ्यांच्या जीवनातला सोन्याचा दिवस" छापाचं वाक्य मात्र खताच्या दुकानालाही लागू पडतं आणि बँकेच्या शाखेलाही. ते खोडा.

आता व्यावहारिक अडचणी. पहिली प्रास्ताविकाची. प्रास्ताविक बहुधा कंपनीचे अध्यक्ष किंवा संचालक करतात आणि तेही हेतूपासूनच सुरू करतात. आपण बोललेलं त्यांनी पुन्हा सांगितलं तर दोघेही फिके पडतात. म्हणून आदल्या दिवशी त्यांना फोन करून वाटणी करून घ्यावी : अडचण मी सांगतो, तुम्ही गर काढण्यापासून, शीतगृहापासून सुरुवात करा. बहुतेक वक्ते आनंदाने तयार होतात, कारण त्यांचं पहिलं अवघड वाक्य आपण उचललेलं असतं.

दुसरी अडचण नावांची. आपल्या जिल्ह्यात निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून काय होतं ते नव्याने सांगायला नको. नाव न घेता सुरुवात केली तर एखाद्या नेत्याचे कार्यकर्ते अस्वस्थ होऊ शकतात. त्यावर उपाय दोन. सुरुवातीला एकत्रित नमस्कार हवाच, तो गाळू नये. आणि पाहुण्यांच्या स्वीय सहायकाला आधीच सांगून ठेवावं की साहेबांचं नाव अनावरणाच्या वेळी आणि नीट परिचयासह येणार आहे.

तिसरी, पाहुण्यांच्या उशिराची. आपण मजकुराच्या मध्यात असताना ताफा येतो, लोक उठतात, हलगी वाजते. तिथे बोलत राहणं शक्य नाही आणि शोभतही नाही. म्हणून मजकूर दोन तुकड्यांत लिहावा. पहिला तुकडा "परवा फेकावं लागणार" इथे संपतो. तिथे थांबून पाहुण्यांचं स्वागत करता येतं आणि सगळे बसल्यावर "तर मी सांगत होतो, फळ थांबत नाही" असं म्हणून धागा उचलता येतो. तुटण्याची जागा आधी ठरवली नसेल तर आपण हटकून सुरुवातीपासून पुन्हा सांगतो आणि लोक कंटाळतात.

चौथी सर्वांत महत्त्वाची : निवेदकाने कंपनीच्या वतीने आश्वासन देऊ नये. "आता सीताफळ बारा महिने टिकणार" हे ऐकायला गोड आहे, पण गर टिकतो तो थंडीची साखळी तुटली नाही तरच. ज्या भागात वीज जाते त्या भागातला दुकानदार नेमकं हेच विचारणार, आणि त्याला उत्तर द्यायला व्यासपीठावर जाणकार बसलेला आहे. तीच गोष्ट "कोणताही रासायनिक पदार्थ नाही" या वाक्याची. वेष्टनावर काय छापलं आहे ते वाचल्याशिवाय ते म्हणू नये. भौगोलिक मानांकनाचं तर आणखी सांभाळावं. मानांकन फळाला मिळालं म्हणून प्रत्येक गर विकणाऱ्याला ते वापरता येतं असं नाही. १९९९ च्या कायद्यानुसार त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. कंपनीची ती नोंदणी असेल तरच उल्लेख करा, नाहीतर "बालाघाटचं सीताफळ" एवढं पुरे.

हेतू सांगून झाला की माणसं. इथे परिचयपत्र जसंच्या तसं वाचू नका. सांगितलेल्या अडचणीचा कोणता भाग कुणी सोडवला, या क्रमाने बोलवा. बिया आणि गर वेगळे करणाऱ्या बचतगटातल्या ताई आधी, कारण मूळ काम त्यांच्या हातचं. मग शीतगृह सांभाळणारा, मग पहिल्याच हंगामात फळ देण्याचा धोका पत्करणारे शेतकरी, मग अध्यक्ष, आणि शेवटी प्रमुख पाहुणे. पाहुण्यांना शेवटी ठेवल्याने त्यांचा मान कमी होत नाही, उलट अनावरणाची दोरी त्यांच्या हाती जाण्याच्या क्षणीच त्यांचं नाव येतं. प्रत्येकाला दोन वाक्यं पुरतात. "ताईंच्या गटाने एकेका फळातल्या बिया हाताने वेगळ्या केल्या" हे वाक्य "उच्चविद्याविभूषित, समाजभूषण" यापेक्षा लांबवर ऐकू जातं.

पुढच्या आठवड्यात अनावरणाच्या वेळी दोरी अडकली किंवा माइक बंद पडला, तर काय करायचं ते पाहू.