टोकन देण्याआधी महारेराचं पान उघडा

समजा, पुण्याच्या बाहेरच्या भागात एक टू बीएचके तुमच्या मनात भरला आहे. सेल्स ऑफिसमधला माणूस सांगतो, "९५० चौरस फूट, रेट फक्त सात हजार, पझेशन डिसेंबर २०२६." म्हणजे साडेसहासष्ट लाख. जाहिरातीवर 'पी'ने सुरू होणारा महारेरा नोंदणी क्रमांक असतो, शेजारी क्यूआर कोडही असतो. ऑफिसच्या सोफ्यावर बसूनच तो मोबाइलने स्कॅन करावा.

आधी इमारतीची आणि फ्लॅटच्या प्रकारांची माहिती पाहा. तिथे ९५० हा आकडा कुठेच सापडत नाही. कार्पेट एरिया ५९.२० चौरस मीटर आणि बाल्कनी ५.१० चौरस मीटर अशी नोंद दिसते. चौरस मीटरला १०.७६४ने गुणलं की चौरस फूट मिळतात. कार्पेट भरतो ६३७ आणि बाल्कनी ५५. उरलेले अडीचशेहून अधिक फूट जिना, लिफ्ट, लॉबी असं काहीबाही मिळून कागदावर चढवलेले असतात. साडेसहासष्ट लाखांना ६३७ने भागलं की खरा दर निघतो सुमारे १०,४४० रुपये. शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करायची ती या दराने.

यातही एक मेख आहे. कायद्यातल्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची मात्र धरली जात नाही. त्यामुळे फरशीवर टेप लावून मोजलं तर ६३७पेक्षा थोडं कमीच भरेल, आणि ती फसवणूक नव्हे. उलट ब्रोशरमध्ये 'युजेबल कार्पेट ६९२' असं छापलं असेल, तर बाल्कनी त्यात मिसळली आहे हे ओळखावं.

आता तारीख. पानावर प्रकल्प पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख ३१ डिसेंबर २०२७ दिसते, म्हणजे तोंडी आश्वासनाहून पूर्ण एक वर्ष पुढची. बिल्डर नोंदणी करताना स्वतःसाठी सवड ठेवतो, हे समजण्यासारखं आहे. मूळ तारीख आणि सुधारित तारीख वेगळ्या असतील, तर मुदतवाढ झाली आहे हेही तिथेच कळतं. पण खरी महत्त्वाची तारीख तिसरीच आहे, करारनाम्यातली. रेरा कायद्याचं कलम १८ करारात लिहिलेल्या ताब्याच्या तारखेवर उभं आहे. नोंदणीत बिल्डरने पुढची तारीख दिली म्हणून करारातली जबाबदारी पुसली जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ सालीच स्पष्ट केलं. म्हणून करारात डिसेंबर २०२६ लिहायला सांगा. नकार मिळाला, तर तोंडी शब्दाची किंमत तिथेच कळते.

ती तारीख उलटली तर दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागायचं. महाराष्ट्रात व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त असतो. तो साडेदहा टक्के धरला आणि तुम्ही चाळीस लाख भरले असतील, तर महिन्याला पस्तीस हजार होतात.

तक्रार ऑनलाइन करता येते, फी पाच हजार रुपये. करारनामा, पावत्या आणि बिल्डरशी झालेले ईमेल जोडावे लागतात. दोन्ही बाजू तयार असतील तर आधी सलोखा मंचाकडे जाता येतं. आदेश मान्य नसेल तर साठ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मात्र आदेश मिळाला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, आणि या टप्प्यावर माणसं खरी थकतात. म्हणूनच त्या बिल्डरविरुद्धच्या तक्रारी आणि त्यांवरचे आदेश बुकिंगआधी वाचावेत. नुसती संख्या मोजू नका. हजार फ्लॅटच्या प्रकल्पात पाच तक्रारी फारशा नाहीत. पण प्रत्येक आदेशात ताब्याचा उशीर आणि न दिलेलं व्याज दिसत असेल, तर दोनही पुष्कळ झाल्या.

एक ध्यानात ठेवा, पानावरची बरीचशी माहिती बिल्डरने स्वतः भरलेली असते. नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे. पण त्याच पानावर कराराचा मसुदा अपलोड केलेला असतो. तो उतरवून घ्या, कार्पेट आणि ताब्याची तारीख तुम्हाला दिलेल्या प्रतीशी ताडून पाहा, आणि मगच चेकबुक काढा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याचा अधिकार बिल्डरला नाही. मागितलीच, तर कलम १३ दाखवा.