‘आ’ केल्यावर न दिसणारा घसा

घसा धरून महिना उलटून गेलेला असतो, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘बरेच दिवस घसा खवखवतोय’ एवढंच तोंडातून निघतं. बाहेर पुढचे नंबर ताटकळत असतात. अशा वेळी घरून लिहून नेलेलं पानभर पत्र फार उपयोगी पडतं. ते लिहिताना काही गैरसमज मात्र आडवे येतात.

पहिला गैरसमज म्हणजे, ‘डॉक्टर बॅटरी मारून बघणारच आहेत, मग लिहायचं कशाला?’ तोंड उघडून जीभ दाबली की टॉन्सिल, पडजीभ आणि घशाची मागची भिंत दिसते. स्वरयंत्र त्याच्या खाली, जिभेच्या मुळामागे असतं. ते बघायला कान-नाक-घशाचे डॉक्टर आरसा किंवा नाकातून जाणारी बारीक दुर्बीण वापरतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही तिथवर पोचत नाहीत. अडकल्यासारखं वाटणं, सारखं खाकरणं, सकाळी आवाज बसणं या तक्रारी बहुधा याच न दिसणाऱ्या भागातल्या असतात. फॅमिली डॉक्टरांना त्यांचा माग लागतो तो पेशंटनं सांगितलेल्या वेळांवरून.

पिंपरीजवळच्या तळवड्यात लेथ आणि सीएनसी मशीनची असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. तिथल्या एखाद्या ऑपरेटरचं पत्र कसं असावं, याचा हा नमुना:

‘डॉक्टरसाहेब, नमस्कार. वय 42, सीएनसी मशीनवर काम करतो. दिवाळीनंतर सर्दी झाली. ती आठवड्यात गेली, पण घसा सहा आठवडे झाले तरी धरलेलाच आहे. दुखत नाही, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि सारखं खाकरावं लागतं. सकाळी आवाज बसलेला असतो, दहापर्यंत मोकळा होतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्रास जास्त, फर्स्ट शिफ्टला निम्मा. मशीन तेच, कूलंटही तेच. सेकंडला साडेअकराला सुटतो, बाराला जेवतो आणि लगेच आडवा होतो. गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी लवकर जेवतो. शुक्रवारी सकाळी घसा हलका असतो. छातीत जळजळ नाही. गिळताना अन्न अडकत नाही, थुंकीत रक्त नाही, ताप नाही, वजन तेवढंच आहे, मानेला गाठ लागत नाही. तंबाखू मळून खातो, दिवसाला एक पुडी, 15 वर्षं. बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 रोज सकाळी. मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन 500 तीन दिवस घेतली. चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. लिव्होसेटिरिझिन आठवडाभर रात्री घेतली. घसा आणखी कोरडा पडला. पॅन्टोप्राझोल 40 कधीतरी, नाश्त्यानंतर.’

घसा धरला की या पट्ट्यात पहिला संशय धुळीवर आणि कूलंटच्या वाफेवर जातो. तो गैरलागू नाही, दोन्हींनी घसा खरोखर चुरचुरतो. शुक्रवारच्या सकाळवरूनही तसंच वाटेल, कारण आदल्या दिवशी मशीन बंद होतं. पण मशीन दोन्ही शिफ्टला तेच आहे आणि त्रास मात्र सारखा नाही. बदलते ती जेवणाची वेळ. म्हणून भरल्या पोटी झोपल्यावर जठरातलं आम्ल घशापर्यंत येत असावं, ही शंका पुढे येते. ‘घसा कामामुळे धरलाय’ असं निदानच लिहून दिलं असतं, तर शिफ्टचा हा धागा हाती लागला नसता. पत्रात वेळा आणि प्रसंग लिहावेत, अर्थ डॉक्टरांना लावू द्यावा.

‘ॲसिडिटी असती तर छातीत जळजळलं असतं’ हेही सरसकट खरं नाही. अन्ननलिकेचं अस्तर जेवढं आम्ल सोसतं तेवढं स्वरयंत्राचं सोसत नाही. त्यामुळे छातीत काहीच न जाणवता घसा कुरकुरू शकतो.

मात्र त्याला लागूनच उलट टोकाचा गैरसमज आहे. घशात अडकल्यासारखं वाटलं की पित्ताची गोळी सुरू करायची. पॅन्टोप्राझोल पोटातले आम्ल तयार करणारे पंप बंद करते आणि ते पंप जेवणामुळे चालू होतात, म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. नमुन्यातल्या माणसानं ती नाश्त्यानंतर आणि तीही कधीतरी घेतली. मग ‘पॅन्टोचा उपयोग झाला नाही’ असं म्हणता येत नाही. ती नीट घेतलीच गेली नाही, एवढंच कळतं. पण नीट घेतली तरी हमखास गुण येतोच असं नाही. ब्रिटनमध्ये घशाच्या अशाच चिवट तक्रारी असलेल्या 346 जणांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना याच जातीची लॅन्सोप्राझोल गोळी रोज दोनदा, 16 आठवडे दिली. बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. म्हणून मला वाटतं, जेवण आणि झोप यांतलं अंतर गोळीच्या नावाइतकंच ठळक लिहावं.

औषधांबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज अँटिबायोटिकचा आहे: ‘गोळीनं बरं वाटलं, म्हणजे इन्फेक्शनच होतं.’ मोठ्या माणसांत घसा बसतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. शिवाय रेंगाळणारी तक्रार आपणहूनच कमी-जास्त होत असते. चार दिवसांचा तो आराम शिफ्ट बदलल्याचाही असू शकतो. म्हणून कुठली गोळी कोणत्या तारखांना घेतली हे लिहावं. लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन घेतली असेल तर ते न चुकता सांगावं. या गोळ्या क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतात आणि त्यामुळे क्षयाचं निदान लांबू शकतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर आपल्याकडे थुंकीची तपासणी करायची असते, ती वेगळीच.

बीपीच्या गोळीचा घशाशी काय संबंध, असंही वाटतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना घशात खाज सुटून कोरडा खोकला लागतो. तो गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही लागू शकतो, म्हणून कुणाला संबंध सुचत नाही. टेल्मिसार्टननं तसं सहसा होत नाही, त्यामुळे नमुन्यातल्या एका नावानं एक शक्यता जवळपास मिटली. ‘बीपीची पांढरी गोळी’ लिहून ती मिटली नसती. नाव वाचता येत नसेल तर रिकामी स्ट्रिप पत्राला जोडावी. दम्याचा पंप असेल तर तोही लिहावा. त्यात स्टिरॉइड असेल तर आवाज बसू शकतो आणि पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर घशात बुरशीही धरू शकते.

‘जे होत नाही ते कशाला लिहायचं?’ असा प्रश्न पत्रातलं ‘रक्त नाही, गाठ नाही’ वाचून पडेल. पण गिळायला त्रास, थुंकीत रक्त, घटतं वजन, मानेतली गाठ, एकाच बाजूची कानदुखी यांपैकी एकही असेल तर वाट बघायची नसते. ते नाही असं लिहिलेलं असलं की तेही विचारात घेतल्याची खात्री होते. श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, लाळही गिळता येत नसेल, तर पत्र लिहीत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

तंबाखूची ओळ मात्र बरेचजण गाळतात. डॉक्टर रागावतील म्हणून, किंवा बायको सोबत असते म्हणून. या पत्रात पुढचं पाऊल त्या ओळीनंच ठरवलं. सकाळपुरता का होईना, आवाज सहा आठवडे बसतोय आणि 15 वर्षांची तंबाखू आहे. शिफ्टचा धागा कितीही पटला तरी अशा वेळी फक्त गोळी देऊन घरी पाठवणं बरोबर नाही. स्वरयंत्र एकदा दुर्बिणीतून बघून घ्यावं लागतं. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत हेच पत्र तिथेही दाखवता येतं. तपासणीचा नंबर लागेपर्यंत सेकंड शिफ्टला जेवण आठच्या सुट्टीतच उरकायचं, घरी आल्यावर जड काही खायचं नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करायची आणि रोज सकाळी आवाज किती वाजता मोकळा झाला ते त्याच पत्राच्या मागे लिहीत जायचं.