मिठात जगण्याची किंमत

उन्हाळा चढला की पेण-उरणच्या किंवा गोव्यातल्या रायबंदरच्या मिठागरांत शेवटच्या वाफ्यांतलं पाणी कधी फिकट गुलाबी, कधी विटकरी दिसू लागतं. भरतीच्या वेळी खाडीतून आत घेतलेलं पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत, उन्हात आटवत इथवर आणलेलं असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मीठ धरू लागतं तेव्हा ते पाणी साधारण दहापट दाट झालेलं असतं. मासे आणि कोळंबी इथे तग धरत नाहीत. तरीही वाफ्याला आलेली लाली जिवंत पेशींचीच असते. पाणी चांगलं रंगलं असेल, तर त्याच्या एका थेंबात अशा लाखो पेशी सापडतात.

या पेशींपुढची खरी अडचण पाण्याची आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटतं, ते फोडींच्या पेशींमधून बाहेर ओढलं गेलेलं असतं. पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज आरपार जातं, मीठ मात्र जवळजवळ अडून राहतं. त्यामुळे पाणी नेहमी दाट द्रावणाच्या बाजूला सरकतं. ही ओढ थोपवायला जेवढा दाब द्यावा लागेल, त्याला परासरण दाब म्हणतात. शुद्ध पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्याचा हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 27 पट भरतो. मीठ धरण्याच्या बेतात असलेल्या मिठवणीचा तो 400 पटींच्या जवळ जातो.

एवढ्या ओढीला जोर लावून तोंड देणं कुठल्याच पेशीला जमत नाही. पाणी थेट आत खेचणारा पंप सजीवांकडे नाही. त्यामुळे वाट एकच उरते. बाहेर जितकं दाट, तितकंच आत दाट करायचं, म्हणजे पाण्याला बाहेर जायचं कारणच राहत नाही. मिठागरातले जीव हे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साधतात.

पहिली पद्धत हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाची. नावात बॅक्टेरियम असलं, तरी तो आर्किया या वेगळ्या गटातला आहे. 1962 साली क्रिश्चन आणि वॉल्थो या संशोधकांनी त्याच्या पेशीतले क्षार मोजले. बाहेर सोडियम भरपूर आणि पोटॅशियम अगदी नगण्य होतं, तर पेशीच्या आत पोटॅशियमची तीव्रता लिटरला सुमारे साडेचार मोल निघाली. म्हणजे आतलं पाणीही बाहेरच्याइतकंच खारट, फक्त क्षार वेगळा. पेशी श्वसनाच्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर ढकलत राहते. ऑक्सिजन कमी पडला तर काही जातींमध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळं प्रथिन उन्हाच्या जोरावर तेच काम करतं. त्याचा शोध 1971 साली लागला. बाहेर गेलेला प्रोटॉन आत परतताना त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर काढला जातो. प्रोटॉन बाहेर गेल्याने पेशीची आतली बाजू ऋणभारित होते आणि त्या भाराकडे पोटॅशियम ओढला जातो.

दाब खरोखर दोन्ही बाजूंना सारखा असतो, याचा एक सुंदर पुरावा सिनाईच्या किनाऱ्यावरच्या खारट डबक्यात मिळाला. 1980 साली वॉल्स्बी यांनी तिथल्या चौकोनी पेशींचं वर्णन केलं. त्या कागदासारख्या सपाट होत्या आणि त्यांचे कोपरे नीट काटकोनात होते. आतून बाहेर थोडा जरी दाब असता, तर त्या फुगून गोलसर झाल्या असत्या. पेशी सपाट राहते, याचा अर्थ आतबाहेरच्या दाबात जवळजवळ फरकच नाही. त्यांच्या नावावरून या जीवाला आज हॅलोक्वाड्रॅटम वॉल्स्बी म्हणतात.

दुसरी पद्धत ड्युनालिएला या एकपेशीय शैवालाची. ते मीठ बाहेरच ठेवतं आणि आतला दाटपणा ग्लिसरॉलने भरून काढतं. पेशीतली प्रथिनं ग्लिसरॉलच्या दाट द्रावणातही बिघडत नाहीत, त्यामुळे आतली यंत्रणा नेहमीसारखी चालू राहते. पण हा मार्ग महाग आहे. हवेतल्या कार्बनपासून ग्लिसरॉलचा एक रेणू घडवायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे 30 रेणू खर्ची पडतात. पोटॅशियम आणि क्लोराइडची एक जोडी आत घ्यायला एकापेक्षाही कमी पुरतो. शैवालाला ऊन आणि कार्बन फुकट मिळतात, म्हणून त्याला हा खर्च झेपतो.

मग स्वस्त मार्ग सगळ्यांनीच का धरला नाही? कारण साडेचार मोल पोटॅशियममध्ये साधी प्रथिनं टिकत नाहीत. एवढा क्षार पाण्याचे रेणू स्वतःभोवती अडकवून ठेवतो, प्रथिनं उघडी पडतात, एकमेकांना चिकटतात आणि साका होऊन खाली बसतात. हॅलोबॅक्टेरियमची जवळजवळ सगळीच प्रथिनं त्यासाठी बदललेली आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक या आम्लांची दाटी असते. हे ऋणभार पाणी आणि क्षार दोन्ही धरून ठेवतात, म्हणून प्रथिन विरघळलेलं राहतं. पण क्षार काढून घेतला, की तेच ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात आणि प्रथिनाची घडी उलगडते. मृत समुद्रातल्या अशा एका जीवाचं मॅलेट डिहायड्रोजनेज हे प्रथिन याच कसोटीवर बारकाईने तपासलं गेलं आहे. मीठ पुरेसं कमी केलं की त्याचं काम थांबतं.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात या दोन पद्धतींमधला फरक कळतो. समजा, वाफ्यात लिटरला 350 ग्रॅम मीठ आहे आणि रात्रीतून तेवढंच पावसाचं पाणी त्यात मिसळलं. दाटपणा निम्म्यावर आला, तरी हॅलोबॅक्टेरियम तगतो, मात्र त्याची वाढ मंदावते. पाणी पुन्हा दुप्पट झालं की तो मर्यादेपाशी येतो. त्याच्या बाहेरचं प्रथिनांचं आवरणही सोडियमच्या आधारानेच उभं असतं, ते सैल होतं, पेशी गोल होते आणि पुढे फुटते. ड्युनालिएलाला कडक भित्तिकाच नाही. पाणी आत शिरताच ते फुगतं, मग काही तासांत जादा ग्लिसरॉलचं पिष्टात रूपांतर करून मूळ आकाराला येतं. पावसाळ्यात मिठागर जवळजवळ गोडं होतं, तेव्हा हॅलोबॅक्टेरियमसारख्या जीवांना मिठाच्या स्फटिकांचा आसरा मिळतो. स्फटिक बनताना त्यात मिठवणीचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि त्या थेंबांत पेशी दीर्घकाळ जिवंत राहू शकतात.

अशा स्फटिकांबरोबर हे जीव मीठ घातलेल्या मासळीपर्यंतही पोचतात. मीठ लावून ठेवलेल्या मासळीवर दमट, उबदार हवेत गुलाबी, बुळबुळीत डाग पडले आणि उग्र वास येऊ लागला, तर ते बहुधा यांचंच काम असतं. मिठाने इतर जंतूंचं पाणी ओढून घेऊन त्यांना रोखलं, तरी यांना ते रोखत नाही. उलट आणखी मीठ घालणं म्हणजे त्यांना हवं तेच देणं. त्यांना आवरायचं तर मासळी थंड जागी ठेवावी लागते आणि मुळातच स्वच्छ, धुतलेलं किंवा तापवलेलं मीठ वापरावं लागतं. डाग पडलेली मासळी मात्र टाकून द्यावी. गोड्या पाण्याने पेशी फुटतात हे खरं, पण तोवर त्यांनी मासळीतली प्रथिनं कुजवलेली असतात.